बधिर पायांची चिठ्ठी स्पेशालिस्टला कशी लिहावी

मी पुण्यात धनकवडीला जनरल प्रॅक्टिस करते. माझ्याकडे येणाऱ्या ५८ वर्षांच्या एका काकूंना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. पहिल्यापासून मेटफॉर्मिन चालू आहे, गेली सहा वर्षे दिवसाला २००० मिलिग्रॅम. आठ महिन्यांपासून त्यांचे दोन्ही तळपाय बधिर आहेत. ‘मधुमेह, पायांत मुंग्या व बधिरपणा, कृपया तपासून योग्य ते करावे’ अशी चिठ्ठी देऊन मी त्यांना स्पेशालिस्टकडे पाठवले. त्या प्रीगॅबालिन लिहून घेऊन आल्या. तीन महिने झाले, बधिरपणा तसाच आहे. काकू माळकरी आहेत आणि अडीच महिन्यांवर आलेल्या आषाढी वारीला अनवाणी चालायचे म्हणतात. आता पुन्हा पाठवायचे तर चिठ्ठीत काय लिहू? एका पेशंटला आठ-दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ देणे मला जमत नाही.
— एक डॉक्टर, धनकवडी

प्रिय डॉक्टर,

तुमच्या चिठ्ठीला जे उत्तर मिळाले, ते त्या चिठ्ठीतूनच निघाले आहे. तिच्यात मधुमेह आधी येतो आणि बधिरपणा मागाहून, त्यामुळे वाचणाऱ्याच्या दृष्टीने निदान झालेलेच असते आणि फक्त औषध लिहिणे बाकी राहते. भरलेल्या ओपीडीत ‘मुंग्या’ वाचले की प्रीगॅबालिन लिहिले जाते. परंतु प्रीगॅबालिन हे वेदनेचे औषध आहे. रात्री तळपायांची आग होणे, सुया टोचल्यासारखे वाटणे, पांघरुणाचा स्पर्शही सहन न होणे यासाठी त्याचा उपयोग होतो; गेलेली संवेदना ते परत आणत नाही. काकूंना यातला कोणताही त्रास नसेल, तर ही गोळी चालू ठेवण्याचे कारण राहत नाही. उलट तिच्यामुळे गरगरू शकते आणि पायांवर सूज येऊ शकते, आणि जिला पायाखालची जमीन नीट कळत नाही अशा बाईला गरगरणे परवडणारे नाही. मात्र गोळी एकदम बंद करू नका. किमान एक आठवडा घेऊन मात्रा हळूहळू कमी करत थांबवा.

दुसरी चिठ्ठी लिहिण्यापूर्वी दोन प्रश्न एकमेकांपासून वेगळे करावे लागतील. बधिरपणा कशामुळे आला, हा पहिला. या पायांना आज इजेचा धोका किती, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मिळायला काही आठवडे लागू शकतात, दुसऱ्याचे उत्तर मात्र तुम्ही तुमच्याच टेबलावर दहा मिनिटांत काढू शकता आणि काढायलाच हवे, कारण स्पेशालिस्टची तारीख मिळेपर्यंत त्या पायांवर लक्ष ठेवणारे तुमच्याशिवाय दुसरे कोणी नाही.

सुरुवात पेशंटच्या बोलण्यापासून करा, आणि ते शक्यतो तिच्याच शब्दांत टिपा. ‘बधिर’ म्हणजे नेमके काय, असे विचारले तर बहुतेक जण गोंधळतात. त्याऐवजी, चालताना चप्पल पायातून निसटते आणि मागे वळून पाहीपर्यंत कळत नाही, असे होते का, हे विचारा. होकार आला तर तळपायाची संवेदना बरीच गेली आहे, असे समजावे. कापसावर किंवा गादीवर चालल्यासारखे वाटते का? सकाळी बेसिनपाशी डोळे मिटून तोंड धुताना तोल जातो का, अंधारात बाथरूमला जाताना भिंतीचा आधार लागतो का? हे शेवटचे दोन प्रश्न मी कधीच टाळत नाही. त्यांचे उत्तर ‘हो’ असेल, तर स्पर्शाबरोबर सांध्यांची स्थिती मेंदूला कळवणारे मोठे मज्जातंतू किंवा त्यांचा मणक्यातला मार्गही बिघडला असण्याची शक्यता आहे, आणि तुमच्या पेशंटमध्ये हा मुद्दा फार महत्त्वाचा ठरणार आहे.

नंतर बधिरपणाचा नकाशा. मधुमेहाचा नेहमीचा बधिरपणा दोन्ही पायांच्या बोटांपासून सारखाच सुरू होतो आणि महिन्या-वर्षांच्या गतीने मोज्यासारखा वर चढतो; तो गुडघ्याच्या आसपास पोहोचला की मगच हातांची बोटे बधिर होऊ लागतात. हा क्रम मोडला असेल, तर तो कसा मोडला हे चिठ्ठीत आलेच पाहिजे. एकच पाय बधिर असणे, हातांना आधी त्रास होणे, काही आठवड्यांतच झपाट्याने वाढणे, पाऊल उचलता न येणे, लघवीवरचा ताबा सुटणे यांपैकी काहीही असेल, तर केवळ मधुमेहावर बोट ठेवून थांबता येत नाही. शिवाय डोळ्यांचा पडदा आणि लघवीतले अल्ब्युमिन गेल्या वर्षभरात तपासले आहे का, तेही पाहा. मधुमेहाने मज्जातंतू बिघडवले असतील, तर बऱ्याचदा त्याच्या खुणा या दोन ठिकाणीही दिसतात. दोन्ही स्वच्छ असतील आणि साखरही अनेक वर्षे बऱ्यापैकी आटोक्यात असेल, तर मधुमेह सुटत नाही, पण दुसरे कारण शोधण्याची निकड वाढते.

ते दुसरे कारण तुमच्या पत्रातच आहे. बारा वर्षे मेटफॉर्मिन, त्यातली सहा वर्षे रोज २००० मिलिग्रॅम, आणि पेशंट माळकरी, म्हणजे मांस, मासे, अंडी पूर्ण वर्ज्य. बी-१२ जीवनसत्त्व लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषले जाते आणि मेटफॉर्मिन त्या शोषणात अडथळा आणते. यकृतातला साठा मोठा असल्यामुळे तूट वर्षानुवर्षे झाकलेली राहते. औषधाची मात्रा जितकी जास्त आणि काळ जितका लांब, तितका धोका वाढतो. त्यातून वनस्पतिजन्य आहारात बी-१२ जवळजवळ नसतेच, त्यामुळे काकूंना ते मिळते ते दूध, दही, ताक एवढ्यातूनच. त्या पित्तासाठी पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोलची गोळी घेतात का, हेही विचारा. आपल्याकडे ही गोळी एकदा सुरू झाली की कोणी थांबवत नाही, आणि पोटातले आम्ल कमी झाले की अन्नातले बी-१२ मोकळे होणे आणखी घटते.

हिमोग्लोबिन ठीक आहे म्हणून बी-१२ ठीक असेल, असे कृपया धरू नका. मज्जातंतूंची हानी रक्तक्षयाशिवायही होते. बी-१२ कमी असले की तांबड्या पेशी मोठ्या होतात, हे आपण शिकलेलो असतो. पण त्याच पेशंटमध्ये लोहही कमी असेल, तर पेशी लहान होण्याकडेही ओढ असते आणि रिपोर्टवर सरासरी आकार अगदी सामान्य छापून येतो. पुण्यातल्या बायकांमध्ये लोहाची कमतरता काही विरळा नाही. त्यामुळे बी-१२ थेटच मोजावे लागते. साधारणपणे २०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली कमतरता मानतात. २०० ते ३०० हा संशयाचा पट्टा. तिथे होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलॉनिक ॲसिड तपासून पेशींना खरोखर कमी पडते आहे का ते कळते. प्रत्येक लॅबची सीमा थोडी वेगळी असते, म्हणून चिठ्ठीत आकड्याबरोबर लॅबने छापलेली मर्यादाही लिहावी.

आता अशी एक गोष्ट, जिच्यावर या तपासणीचा सगळा अर्थ अवलंबून आहे. बधिरपणा म्हटला की आपल्याकडे मेथिलकोबालामिनचे इंजेक्शन किंवा बी-कॉम्प्लेक्सची लाल गोळी लगेच दिली जाते. पेशंट स्वतःही दुकानातून आणून घेतात. त्यानंतर बी-१२ मोजले तर आकडा भरपूर येतो आणि पुढे कित्येक आठवडे तो तसाच राहू शकतो. स्पेशालिस्ट तो आकडा पाहतात, बी-१२ कारण नाही असे ठरवतात आणि फाइल पुन्हा मधुमेहाच्या खात्यात जाते. म्हणून आधी रक्त घ्या आणि मग सुई टोचा. रक्ताचा नमुना लॅबला गेला, की इंजेक्शन त्याच दिवशी द्यायला हरकत नाही. काकूंसारख्या पेशंटमध्ये रिपोर्टची वाट पाहण्यानेही काही मिळत नाही. काकूंना गेल्या वर्षभरात कोणी, कुठेही, अशी इंजेक्शने किंवा गोळ्या दिल्या असतील, तर त्यांची नावे आणि शेवटच्या मात्रेची तारीख चिठ्ठीत आलीच पाहिजे. ही माहिती तुमच्याखेरीज कोणाकडेही नाही. आणि अशा गोळ्या वर्षानुवर्षे चालू असतील तर त्यांतले बी-६ किती आहे तेही पाहा, कारण बी-६ दीर्घकाळ मोठ्या मात्रेत घेतले तर त्यानेच पाय बधिर होऊ शकतात. नुसते फोलिक ॲसिड मात्र सुरू करू नका. त्याने रक्त सुधारल्यासारखे दिसते आणि मज्जातंतूंचे नुकसान मागे चालूच राहते.

तपासणीचे सांगतो. पेशंट आत येण्यापूर्वीच कंपाउंडर किंवा सिस्टरना चपला, मोजे आणि जोडवी काढून ठेवायला सांगा, म्हणजे तुमची तीन मिनिटे वाचतील. जोडवी काढायला बायका नाखूश असतात, कारण ती वर्षानुवर्षे निघालेली नसतात, तरीही आग्रह धरा. बधिर पायाच्या दुसऱ्या बोटाला थोडी सूज आली की जोडवे रुतते आणि त्याखाली कातडी पांढरी, ओलसर होऊन चिरते. पेशंटला ते दुखत नाही आणि बाहेरून तुम्हाला दिसत नाही. बोटांच्या बेचक्या एकेक करून फाकवून पाहा, टाचेच्या भेगांची खोली पाहा, आणि अंगठ्याच्या मुळाखाली घट्टा असेल तर त्याच्या आत काळसर डाग दिसतो का ते पाहा. तो बहुधा आत साकळलेल्या रक्ताचा असतो आणि तिथे जखम तयार होत असते.

संवेदनेसाठी १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट असेल तर उत्तम. तो आधी पेशंटच्या हाताला किंवा कपाळाला लावून दाखवावा, मग तिला डोळे मिटायला सांगून अंगठ्याच्या तळाशी आणि पहिल्या व पाचव्या बोटांच्या मुळाखाली, घट्टा टाळून, तो वाकेपर्यंत एक-दोन सेकंद टेकवावा. प्रत्येक जागी दोनदा स्पर्श करावा आणि मध्येच एकदा न टेकवताच ‘कळले का’ असे विचारावे, म्हणजे अंदाजाने दिलेली उत्तरे लक्षात येतात. तीनपैकी दोन उत्तरे तरी बरोबर यायला हवीत. ज्या जागी ती येत नाहीत, तिथली संरक्षक संवेदना गेली असे समजावे. हा धागा सतत वापरल्याने थकतो. लागोपाठ दहा पेशंट झाले की त्याला एक दिवस विश्रांती द्यावी लागते, हे सहसा कोणी सांगत नाही. धागा नसेल तरी अडून बसू नका. तर्जनीच्या टोकाने दोन्ही पायांच्या पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या बोटांच्या टोकांना एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करा, दाबू नका, टकटक करू नका. सहांपैकी दोन किंवा अधिक ठिकाणी स्पर्श कळला नाही, तर संरक्षक संवेदना कमी झाली आहे असे मानायला हरकत नाही. या चाचणीला एक पैसाही लागत नाही.

त्यापुढे १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क अंगठ्याच्या हाडावर, तिथे कळला नाही तर घोट्यावर, तिथेही नाही तर गुडघ्यावर ठेवा आणि कंप कुठून कळायला लागतो ते लिहा. पायाच्या पाठीवरची आणि आतल्या घोट्यामागची, अशा दोन्ही नाड्या दोन्ही पायांत चाचपा. शेवटी रिफ्लेक्स हॅमर. घोट्याचा रिफ्लेक्स मधुमेहात जातो, बी-१२च्या तुटीत जातो, आणि वयाने कधी असाही जातो, त्यामुळे तो नसणे एकट्याने फार काही सांगत नाही. परंतु घोट्याचा रिफ्लेक्स नाही आणि गुडघ्याचा मात्र नेहमीपेक्षा जोरदार आहे, असे आढळले तर तिथेच थांबा. मधुमेहाच्या न्यूरोपॅथीत गुडघ्याचा रिफ्लेक्स मंद होतो किंवा जातो, जोरदार होत नाही. तो जोरदार असेल तर मज्जारज्जूही अडचणीत आहे, आणि तशी जोडी बी-१२च्या कमतरतेत दिसते. मानेच्या मणक्यात मज्जारज्जू दाबला गेला असेल आणि जोडीला मधुमेह असेल तरीही दिसते. दोन्हींपैकी काय आहे हे ठरवणे तुमचे काम नाही, परंतु ही विसंगती टिपणे तुमचेच आहे.

महाराष्ट्रात प्रॅक्टिस करताना आणखी एक गोष्ट हाताने पाहावी. कोपराच्या आतल्या बाजूला, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला खाली आणि आतल्या घोट्यामागे मज्जातंतू जाड, दोरीसारखे लागतात का, आणि अंगावर कुठे फिकट, संवेदना नसलेला चट्टा आहे का. कुष्ठरोग अजून गेलेला नाही, आणि मधुमेही पेशंटचा बधिरपणा मधुमेहाच्या नावावर जमा झाला की त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

एवढे झाले की कोणाकडे पाठवायचे हे आपोआप ठरते. दोन्ही पायांत सारखा, हळूहळू चढलेला बधिरपणा, गुडघ्याचे रिफ्लेक्स मंद किंवा सामान्य, इतर काही विसंगत नाही, असे असेल तर मधुमेहतज्ज्ञ किंवा डायबेटिक फूट क्लिनिक. क्रम मोडलेला असेल, तोल जात असेल किंवा गुडघा जोरदार असेल तर न्यूरोलॉजिस्ट. नाड्या लागत नसतील तर रक्तवाहिन्यांचे सर्जन, आणि तेही लवकर. उघडी जखम असेल, किंवा एक पाऊल दुसऱ्यापेक्षा गरम, लाल आणि सुजलेले असेल तर त्याच दिवशी पाठवा, दुखत नसले तरी. न दुखणारे गरम पाऊल म्हणजे शार्को फूट असू शकते, आणि संधिवात किंवा जंतुसंसर्ग समजून पेशंटला चालू दिले तर पायाची हाडे कोसळतात.

आता चिठ्ठी. तुम्ही ती इंग्रजीत लिहाल. इथे मराठीत मांडतो. तुमच्या पत्रात तपासणीचे निष्कर्ष नाहीत, म्हणून ते मी नमुना म्हणून भरले आहेत. त्यांच्या जागी तुम्हाला प्रत्यक्ष जे आढळेल ते लिहा.

‘प्रति, न्यूरोलॉजिस्ट. शक्यतो दोन आठवड्यांत पाहावे, ही विनंती.

प्रश्न: या पेशंटचा बधिरपणा केवळ मधुमेहाचा आहे, की बी-१२च्या कमतरतेमुळे मज्जातंतूंबरोबर मज्जारज्जूलाही इजा झाली आहे? मानेच्या एमआरआयची गरज आहे का?

स्त्री, वय ५८, मधुमेह १२ वर्षे, संपूर्ण शाकाहारी. आठ महिन्यांपासून दोन्ही तळपाय बधिर, आता नडगीच्या मध्यापर्यंत. चप्पल निसटलेली कळत नाही. तीन महिन्यांपासून डोळे मिटून तोंड धुताना तोल जातो. आग किंवा वेदना नाही. हातांना त्रास नाही, लघवीची तक्रार नाही, मान दुखत नाही. मद्य, तंबाखू नाही. क्षयाची औषधे कधी घेतलेली नाहीत.

औषधे: मेटफॉर्मिन १२ वर्षे, त्यापैकी सहा वर्षे रोज २००० मिलिग्रॅम. पँटोप्राझोल ४० मिलिग्रॅम, सुमारे चार वर्षे. प्रीगॅबालिन तीन महिने, उपयोग नाही, कमी करत आहे. बी-१२चे इंजेक्शन किंवा गोळी रक्ततपासणीपूर्वी घेतलेली नाही.

तपासणी: मोनोफिलामेंट दोन्ही अंगठ्यांवर आणि डाव्या पायाच्या पहिल्या बोटाच्या मुळाखाली कळत नाही. कंप अंगठे व घोटे दोन्हीकडे नाही, गुडघ्याला कळतो. घोट्याचे रिफ्लेक्स नाहीत, गुडघ्याचे जोरदार. पायांची ताकद चांगली. चारही नाड्या लागतात. मज्जातंतू जाड नाहीत, चट्टे नाहीत. डाव्या पायाच्या दुसऱ्या बोटावर जोडव्याखाली वरवरची चीर, जंतुसंसर्ग नाही.

रक्त: बी-१२ १७८ (लॅबची मर्यादा २०० ते ९००), हिमोग्लोबिन ११.२, पेशींचा सरासरी आकार सामान्य, एचबीए१सी ७.४, क्रिएटिनिन ०.९, टीएसएच सामान्य. डोळ्यांचा पडदा व लघवीतले अल्ब्युमिन सामान्य.

केलेले उपचार: रक्त घेतल्यानंतर बी-१२ची इंजेक्शने सुरू केली, पहिली मात्रा अमुक तारखेला. जोडवी काढली, चिरेची मलमपट्टी केली.

आणखी एक विचारणे: पेशंट आषाढी वारीला अनवाणी चालणार आहे. तिला चालू द्यावे का, आणि दिले तर कोणत्या अटींवर, हे कृपया लेखी कळवावे.’

प्रश्न सगळ्यांत वर आहे, याकडे लक्ष द्या. ज्यांच्या दाराबाहेर पन्नास पेशंट बसले आहेत, ते पहिल्या तीन ओळी नक्की वाचतात आणि पुढचे जमेल तसे. प्रश्न शेवटी टाकला तर तो वाचला जाईलच असे नाही. दुसरे असे की तुमची शंका ठाम शब्दांत लिहायला संकोचू नका. आपण साधे जनरल प्रॅक्टिशनर, स्पेशालिस्टला निदान कसे सुचवायचे, या भिडेपोटी अनेक चांगले डॉक्टर हातातली मौल्यवान निरीक्षणे गिळून टाकतात आणि ‘योग्य ते करावे’ एवढे लिहून मोकळे होतात. गुडघ्याचा जोरदार रिफ्लेक्स तुम्ही लिहिला, तर समोरच्यांना तो स्वतः तपासून पाहावाच लागतो.

नर्व्ह कंडक्शनची तपासणी तुम्ही आधीच करून पाठवू नका. नेहमीच्या मधुमेही बधिरपणात तिने उपचार बदलत नाहीत, आणि ती सामान्य आली तरी बारीक मज्जातंतूंचा दोष वगळला जात नाही, कारण ती मोठेच मज्जातंतू मोजते. न्यूरोलॉजिस्टना गरज वाटली तर ते त्यांच्या प्रश्नाप्रमाणे करवून घेतील. पेशंटचे पैसे बी-१२, होमोसिस्टीन आणि बरी पादत्राणे यांवर खर्च होऊ द्या. काकू ससूनच्या ओपीडीत जाणार असतील, तर दर खेपेला वेगळे डॉक्टर भेटण्याची शक्यता धरून चिठ्ठीच्या दोन झेरॉक्स त्यांच्याजवळ द्या आणि एक तुमच्या फाइलला ठेवा.

मेटफॉर्मिन बंद करायचे का, असे काकूंच्या घरचे विचारतील. नाही. साखर त्याने आटोक्यात राहत असेल, तर ते चालू ठेवून बी-१२ बाहेरून देत राहणे हाच सरळ मार्ग आहे, आणि मेटफॉर्मिन चालू आहे तोवर बी-१२ अधूनमधून मोजत राहावे. इंजेक्शनांनी फरक कधी पडेल, याबद्दल त्यांना खोटी आशाही लावू नका. रक्ताचा आकडा काही दिवसांत चढतो, मज्जातंतू सावरायला महिने लागतात, आणि बधिरपणा जितका जुना तितकी पूर्ण बरे होण्याची शक्यता कमी. आठ महिने हा काळ हाताबाहेर गेलेला नाही, एवढे मात्र म्हणता येईल.

वारीचा प्रश्न मी मुद्दाम चिठ्ठीत घातला, कारण काकूंच्या दृष्टीने खरा प्रश्न तोच आहे आणि तुमच्या तोंडी नकाराला त्या जुमानतील असे पत्रावरून वाटत नाही. अडीच महिन्यांत संवेदना परत येणार नाही, हे धरूनच चालायला हवे. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर, जवळजवळ तीन आठवड्यांची चाल, पाऊस लांबला तर तापलेले डांबर आणि पाऊस आला तर चिखलात दडलेली काच नि काटे. संवेदना असलेला माणूस पाय पोळला की बाजूला सरतो, काटा रुतला की बसून काढतो. काकू तोच काटा घेऊन दिवे घाट चढून सासवडला मुक्कामी पोहोचतील आणि तोवर जखम खोल गेलेली असेल. म्हणून अनवाणी चालणे नाही, यावर तडजोड करू नका. त्यांना हे स्पष्ट सांगा, आणि त्यांचा नवस असेल तर दिंडीतल्या विणेकऱ्यांशी किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलून त्यातून मार्ग काढायला सांगा. माझ्या पाहण्यात तसा मार्ग बहुतेक वेळा निघतो.

स्पेशालिस्टनी परवानगी दिली तर अटी अशा असाव्यात. पुढे बंद, बोटांना मोकळी जागा असलेले, आतून मऊ अस्तराचे आणि मागे पट्टा असलेले पादत्राण आतापासून रोज थोडा वेळ वापरून सवयीचे करावे. वारीच्या दिवशी नवे काढू नये. रोज घालण्यापूर्वी आत हात घालून खडा नाही ना ते पाहावे. सुती मोजे दोन जोड, भिजले की बदलायचे. रात्री मुक्कामावर पाय कढत पाण्यात घालायचे नाहीत. पाण्याचा कढतपणा कोपराने किंवा दुसऱ्या कोणाकडून पाहून घ्यायचा. दिंडीतल्या एका ठरलेल्या बाईने रोज संध्याकाळी बॅटरीच्या उजेडात दोन्ही तळवे आणि बेचक्या पाहायच्या. फोड, चीर, लालसर किंवा गरम जागा दिसली की दुसऱ्या दिवशी पायी चालणे बंद, आणि दिंडीच्या गाडीतून पुढे जायचे. पूर्ण वाटचालीऐवजी एखाददोन टप्पे पायी आणि बाकी गाडीने, हेही काकूंना आधीच सुचवून ठेवा. जोडव्याखाली खरोखरच चीर आढळली आणि ती निघण्याच्या दिवसापर्यंत पूर्ण भरली नसेल, तर यंदा पायी चालणे नाहीच.

स्पेशालिस्टचे उत्तर येईपर्यंत त्यांना दर दोन आठवड्यांनी नुसते पाय दाखवायला बोलवा. उत्तरात तुमच्या प्रश्नाला हात घातलेला नसेल आणि पुन्हा फक्त औषधे लिहून आली असतील, तर काकूंना तिसऱ्यांदा रांगेत उभे करू नका. फोन उचला आणि त्या डॉक्टरांना गुडघ्याच्या रिफ्लेक्सबद्दल थेट विचारा. आणि कारण काहीही निघाले, तरी संरक्षक संवेदना गेलेली आहे तोवर वर्षातून किमान दोनदा याच पद्धतीने पाय उघडे करून तपासायचे, अशी तारीख काकूंच्या कार्डावर आजच घालून द्या. जखम होऊन गेली असेल तर हे अंतर एक ते तीन महिन्यांवर आणावे लागेल.